झेरॉक्सवर पुस्तकाचं नाव नाही: अचेबेच्या लेखाची नोंद कशी लिहायची?

प्रश्न: मी रत्नागिरीला टीवायबीए इंग्रजीला आहे. पेपर कॉनरॅडच्या 'हार्ट ऑफ डार्कनेस'वर आहे. मॅडमनी संदर्भ लिहिण्याच्या एमएलए पद्धतीच्या नवव्या आवृत्तीप्रमाणे सटीप संदर्भसूची मागितली आहे. चिनुआ अचेबेच्या लेखाची झेरॉक्स सीनिअरकडून मिळाली, पण तिला पहिलं पान नाही, पुस्तकाचं नाव नाही. नेटवर या लेखाच्या तीन वेगवेगळ्या नोंदी दिसतात. बरोबर कुठली? आणि खालच्या टिपणात काय लिहायचं? मी लिहिलंय: 'हा लेख कादंबरीतल्या वंशवादाबद्दल आहे आणि माझ्या संशोधनाला खूप उपयुक्त आहे.'

उत्तर:

तिन्ही नोंदी बरोबर असू शकतात. तुमच्यासाठी मात्र त्यातली एकच बरोबर आहे, आणि ती कुठली हे नेटवरून कळणार नाही. ते तुमच्या हातातल्या झेरॉक्सवरूनच ठरेल. साहित्यसमीक्षेचे गाजलेले लेख एकदाच छापून थांबत नाहीत. आधी नियतकालिकात येतात, मग लेखकाच्या निबंधसंग्रहात, मग कुणीतरी संपादक ते कादंबरीच्या अभ्यास-आवृत्तीत मागे जोडतो. मधल्या काळात लेखक त्यात बदलही करतो. म्हणून 'अचेबेच्या लेखाची नोंद' असं काही एक नसतं. अमुक ठिकाणी छापलेल्या अमुक पाठाची नोंद असते.

मी दक्षिण रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातल्या कॉलेजांत २६ वर्षं इंग्रजी शिकवलं, आणि पहिलं पान नसलेल्या अशा झेरॉक्स दरवर्षी पाहिल्या. आपल्याकडे पावसाळ्यात स्टेपलरची पिन गंजते. गंज आधी वरच्या पानाला खातो, पिनेभोवती तपकिरी भोक पडतं आणि एके दिवशी पान गळून जातं. गळतं ते नेमकं लेखाचं नाव, पुस्तकाचं नाव असलेलं. उरलेला गठ्ठा पुढच्या वर्षीच्या मुलांकडे जातो. तेव्हा तुमची अडचण नवी नाही, आणि ती सुटते.

आधी ती झेरॉक्स कशाची आहे ते शोधू.

पानांच्या कोपऱ्यातले आकडे बघा. अचेबेने हा विषय फेब्रुवारी १९७५ मध्ये अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात व्याख्यान म्हणून मांडला. तो लेख म्हणून 'द मॅसॅच्युसेट्स रिव्ह्यू' या नियतकालिकात १९७७ च्या हिवाळी अंकात छापला गेला, पानं ७८२ ते ७९४. तुमच्या झेरॉक्सवर सातशेऐंशीच्या पुढचे आकडे असतील तर प्रश्न मिटला, तुमच्याकडे मूळ लेख आहे. आकडे २५१ च्या पुढचे असतील तर ती बहुतेक नॉर्टनच्या अभ्यास-आवृत्तीची तिसरी खेप, रॉबर्ट किंब्रो यांनी संपादित केलेली, १९८८ ची. ३३६ च्या पुढचे असतील तर त्याच मालिकेतली चौथी, पॉल आर्मस्ट्राँग यांची, २००६ ची. आणि आकडे अगदी एक-दोनपासून सुरू होत असतील तर तो अचेबेच्या स्वतःच्या 'होप्स अँड इम्पेडिमेंट्स' या संग्रहातला, कारण तिथे हा पहिलाच निबंध आहे.

झेरॉक्स काढताना कोपरे कापले गेले असतील तर आकडे दिसणार नाहीत. मग मजकुरातला एक शब्द कामाला येतो. कॉनरॅडला अचेबे सरळ वंशवादी म्हणतो ते वाक्य लेखाच्या उत्तरार्धात शोधा. १९७७ च्या पाठात तिथे `bloody racist` असे शब्द होते. नंतर अचेबेने लेख सुधारला तेव्हा ते `thoroughgoing racist` झाले. शिवी गेली, आरोप तसाच राहिला. तुमच्या पानावर 'ब्लडी' असेल तर पाठ मूळचा, 'थरोगोइंग' असेल तर सुधारित. हा एवढासा फरक पुढे टिपणातही लागणार आहे, म्हणून पेन्सिलने खूण करून ठेवा.

आता नोंदी. मूळ नियतकालिकातला लेख जेस्टोर या ऑनलाइन लेखसंग्रहावर वाचला असेल तर अशी:

```
Achebe, Chinua. "An Image of Africa." The Massachusetts
    Review, vol. 18, no. 4, winter 1977, pp. 782-94.
    JSTOR, www.jstor.org/stable/25088813.
```

इथे तिरपा ठसा दाखवता येत नाही म्हणून सांगते: नियतकालिकाचं नाव आणि जेस्टोर ही दोन्ही तिरप्या ठशात, लेखाचं नाव साध्या ठशात आणि दुहेरी अवतरणात. एमएलएचा विचार असा की लेख एका डब्यात असतो आणि तो डबा कधीकधी दुसऱ्या मोठ्या डब्यात. लेख नियतकालिकात आहे, नियतकालिक जेस्टोरमध्ये. प्रत्येक डब्याचं नाव तिरपं. पहिल्या डब्याची माहिती पूर्ण झाली की पूर्णविराम, मग दुसरा डबा. ऋतूचं नाव नवव्या आवृत्तीत लहान अक्षराने लिहितात. छापील अंकच हाताळला असेल तर जेस्टोरचा तुकडा लिहायचा नाही, नोंद पानांच्या आकड्यांवर संपते.

आणि झेरॉक्स नॉर्टनच्या तिसऱ्या आवृत्तीची निघाली तर अशी:

```
Achebe, Chinua. "An Image of Africa: Racism in Conrad's
    Heart of Darkness." 1977. Heart of Darkness: An
    Authoritative Text, Backgrounds and Sources,
    Criticism, by Joseph Conrad, edited by Robert
    Kimbrough, 3rd ed., W. W. Norton, 1988, pp. __-__.
```

पानांची जागा मी मुद्दाम रिकामी ठेवली आहे. ती तुमच्या प्रतीवरून भरायची. लेखाचं नाव दोन्हीकडे वेगळं आहे, हेही बघा. १९७७ ला ते छोटं होतं, पुस्तकात आल्यावर मागे उपशीर्षक लागलं. नेटवर पहिल्या नोंदीतलं नियतकालिक आणि दुसऱ्या नोंदीतलं लांब शीर्षक अशी खिचडी सर्रास सापडते. ती उतरवली की तुमची नोंद अशा लेखाची होते जो त्या रूपात कुठेच छापलेला नाही.

शीर्षकानंतरचं १९७७ ऐच्छिक आहे. मूळ प्रकाशनाचं वर्ष वाचकाला कळणं महत्त्वाचं असेल तर एमएलए ते तिथे टाकू देतं. समीक्षेच्या बाबतीत मी ते नेहमी टाकायला सांगते. नाहीतर वाचकाला वाटतं, अचेबेने हे १९८८ ला पहिल्यांदा म्हटलं, आणि १९८३ ला त्याला उत्तर देणारा माणूस भविष्य जाणत होता.

पुस्तकाच्या लेखक-संपादकांचं नीट लावा. नोंदीची सुरुवात अचेबेच्या आडनावानेच होते, कारण तुम्ही उद्धृत करताय ते त्याचं म्हणणं. कॉनरॅड येतो तो पुस्तकाच्या नावानंतर, 'बाय' लावून, आणि किंब्रो त्याच्या मागे, 'एडिटेड बाय' लावून. मुखपृष्ठावर कॉनरॅडचं नाव मोठं दिसतं म्हणून मुलं सगळी नोंद त्याच्या नावावर लावतात. मग मजकुरात कंसात 'कॉनरॅड २५७' येतं आणि वाचणाऱ्याला वाटतं, कॉनरॅडनेच स्वतःला वंशवादी म्हटलं.

आणखी एक फसवी जागा आहे. नॉर्टनच्या अभ्यास-आवृत्तीत समीक्षालेखाच्या पहिल्या पानाच्या तळाशी खंजिराचं चिन्ह करून मूळ लेख कुठे छापला होता ते दिलेलं असतं. मुलांना ती ओळ सापडली की आनंद होतो, ती उतरवून नियतकालिकाची नोंद तयार होते. पण वाचलेलं असतं पुस्तकातलं. मी एकदा अशी सूची मंजूर करून बसले होते. पेपर हातात आला तेव्हा नोंदीत पानं ७८२ ते ७९४ आणि आत मजकुरात सगळीकडे 'अचेबे २५४', 'अचेबे २५७'. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी पहिल्या पाच मिनिटांत विचारलं, हा २५७ आकडा आला कुठून? ती मुलगी बिचारी खरंच वाचून आली होती, लेखातला परिच्छेद न् परिच्छेद तिला माहीत होता, पण आकड्यांवरून दिसत होतं की न वाचता कुठूनतरी उचललंय. चूक माझ्या नजरेतून सुटली होती. तेव्हापासून सूची तपासताना मी आधी हे बघते: मजकुरात कंसात आलेला प्रत्येक पानाचा आकडा नोंदीतल्या पानांच्या आत बसतो का? बसत नसेल तर नोंद आणि प्रत वेगवेगळ्या आहेत. हे तुमचं तुम्हालाही दहा मिनिटांत तपासता येतं.

आता मांडणी. एमएलएमध्ये नोंदीची पहिली ओळ समासाला चिकटून आणि पुढच्या ओळी अर्धा इंच आत. खालचं टिपण नव्या ओळीवर, आणि ते अख्खं नोंदीच्या सुरुवातीपासून एक इंच आत. टिपण अर्धा इंच ठेवलं तर ते नोंदीच्या लोंबत्या ओळींच्या रेषेतच येतं आणि नोंद कुठे संपली ते डोळ्याला कळत नाही, म्हणून पूर्ण इंच. सगळीकडे दुहेरी अंतर, नोंद आणि टिपण यांच्यामध्ये जादा रिकामी ओळ नाही. वर्डमध्ये नोंदीवर कर्सर ठेवून परिच्छेदाच्या खिडकीत `Special` खाली `Hanging` निवडा. टिपणाला `Special` मध्ये `(none)` आणि डावीकडचा `Indentation` एक इंच. आपल्याकडच्या बऱ्याच संगणकांवर मोजमाप सेंटिमीटरमध्ये असतं, तिथे हे आकडे 1.27 आणि 2.54 होतात. स्पेसबार किंवा टॅब दाबून ओळी आत ढकलू नका. कॉलेजच्या लॅबमध्ये फॉन्ट बदलला की सगळं विस्कटतं, आणि सबमिशनच्या आदल्या रात्री वीज गेलेली असताना ते परत बसवणं फार जिवावर येतं.

मॅडमनी एपीए मागितलं असतं तर टिपण अर्धा इंच आत आलं असतं, आणि नोंदीची रचनाही बदलली असती. म्हणून जुन्या मुलांच्या फायली बघून मांडणी उचलताना त्यांची पद्धत कुठली होती ते आधी बघा. मानसशास्त्राच्या मैत्रिणीची फाईल इथे उपयोगाची नाही.

काही गोष्टी मात्र मी इथून सांगू शकत नाही, त्या मॅडमना विचारूनच ठरतील. टिपण किती शब्दांचं हवं? एमएलए एवढंच म्हणतं की ते शक्यतो एका परिच्छेदापलीकडे जाऊ नये. शब्दांची मर्यादा शिक्षक देतात. मी शंभर ते दीडशे शब्द मागत असे. टिपण फक्त लेखात काय आहे ते सांगणारं हवं, की त्याची पारखही हवी? बहुतेकांना दुसरं हवं असतं, पण सगळ्यांना नाही. आणि कादंबरीचीच नोंद सूचीत घ्यायची का? घ्यायची असली तरी तिच्याखाली कथानक लिहू नका. आवृत्ती कुठली आणि का घेतली, एवढं पुरे. सूचीचं शीर्षकही दोन प्रकारे चालतं, सटीप संदर्भसूची किंवा सटीप उद्धृतसूची. मॅडम सांगतील ते.

आता टिपणाकडे येऊ. तुमचं वाक्य परत वाचा. त्यात दोन विधानं आहेत आणि दोन्ही या कादंबरीवरच्या पन्नास लेखांखाली जशीच्या तशी चालतील. 'वंशवादाबद्दल आहे' हा विषय झाला. समीक्षालेखाचं टिपण विषयावर थांबलं की त्यात काहीच उरत नाही, कारण समीक्षक माहिती देत नसतो, तो काहीतरी पटवून देत असतो. तेव्हा टिपणाने आधी सांगायला हवं की याचा दावा काय. मग, कादंबरीतल्या कुठल्या जागा धरून तो हे म्हणतो. मग, तो कुठला आक्षेप स्वतःच अंगावर घेतो, आणि त्याच्या मांडणीत काय मागे राहतं. शेवटी, माझ्या पेपरच्या कुठल्या भागात मी हे वापरणार. हे सगळे तुकडे प्रत्येक वेळी सारख्या लांबीचे होणार नाहीत, होऊही नयेत. अचेबेच्या बाबतीत दावा आणि पुरावा यांनाच जास्त जागा लागते.

हे त्याच लेखावर करून दाखवते. तुमचा पेपर इंग्रजीत आहे, टिपणही इंग्रजीतच जाणार. मी मुद्दाम मराठीत देते, म्हणजे तुम्हाला ते उतरवता येणार नाही, लेख पुढ्यात घेऊन स्वतःच्या शब्दांत लिहावं लागेल.

> अचेबे म्हणतो की कॉनरॅडची आफ्रिका हा माणसांचा प्रदेश नाही, तो युरोपला स्वतःचं रूप उजळ दिसावं म्हणून मागे धरलेला काळा पडदा आहे. पुरावा तो कादंबरीतूनच काढतो. आफ्रिकी माणसांना जवळजवळ कुठेच बोलू दिलेलं नाही, आणि ज्या मोजक्या दोन ठिकाणी ती बोलतात तिथे ते बोलणं त्यांच्याच विरुद्ध जातं. ही दृष्टी निवेदक मार्लोची आहे, लेखकाची नाही, हा बचाव अचेबे मानत नाही, कारण वेगळी दृष्टी असू शकते हे कॉनरॅड कुठेच सुचवत नाही. वंशवादावर सगळा भर असल्याने वसाहतींच्या लुटीवर कादंबरी जी टीका करते ती इथे मागे राहते. पेपरच्या दुसऱ्या भागात, नदीकाठच्या माणसांच्या वर्णनांची छाननी करताना ही मांडणी आधाराला घेतली आहे. इथे वापरलेला पाठ १९८८ चा, सुधारित आहे.

पहिलंच वाक्य 'हा लेख' ने सुरू होत नाही, 'अचेबे म्हणतो' ने होतं. लेखाचं नाव वर नोंदीत आलंच आहे, ते परत नको. आणि 'अचेबे म्हणतो' हे दोन शब्द फार महत्त्वाचे आहेत. ते काढले की वाक्य तुमचं होतं: कॉनरॅडची आफ्रिका म्हणजे काळा पडदा. मग तो अचेबेचा दावा आहे की तुमचा निष्कर्ष, हे वाचणाऱ्याला कळत नाही, आणि नकळत दुसऱ्याचं म्हणणं तुमच्या नावावर जमा होतं. त्यासाठी इंग्रजीत वर्तमानकाळातली क्रियापदं ठेवा, आणि ती निवडून घ्या. समीक्षक दावा करतो, दाखवून देतो, फेटाळतो, मान्य करतो. 'चर्चा करतो' हे क्रियापद टिपणात आलं की मी त्याखाली रेघ मारते. चर्चा केली म्हणजे नक्की काय म्हटलं, हे लिहिणाऱ्यालाही कळलेलं नसतं असा माझा अनुभव आहे.

दुसऱ्या वाक्यात 'जवळजवळ कुठेच' आणि 'दोन ठिकाणी' असं नेमकं आलंय. ते लेख वाचल्याशिवाय लिहिता येत नाही. ती दोन ठिकाणं कोणती ते तुम्ही स्वतः कादंबरीत जाऊन बघा. एक नदीच्या प्रवासात बोटीवर आहे, दुसरं कुर्ट्झ गेल्याची बातमी येते तिथे. ती वाचताना अचेबेचं म्हणणं पटलं नाही तर टिपणात तसं लिहिण्याचा तुम्हाला हक्क आहे, फक्त कारण द्यावं लागेल. मी शिकवत असताना दरवर्षी दोघंतिघं म्हणायची, 'मॅडम, दुसरं ठिकाण तर मला अख्ख्या पुस्तकातलं सगळ्यात जोरकस वाक्य वाटतं.' छान. तोच त्यांच्या पेपरचा मुद्दा व्हायचा.

उपयोगाचं वाक्यही बघा. 'माझ्या संशोधनाला उपयुक्त' म्हणण्याऐवजी कुठल्या भागात, कशासाठी ते आलंय. हे वाक्य तुम्हाला लिहिता येत नसेल तर बहुतेक वेळा दोष टिपणाचा नसतो. तो लेख पेपरमध्ये कुठे बसतो हेच ठरलेलं नसतं. मग सूची बाजूला ठेवून आधी ते ठरवा.

शेवटचं वाक्य, सुधारित पाठाचं, अनेकांना अनावश्यक वाटेल. ते का हवं हे पुढच्या नोंदीवरून कळतं. अचेबेला उत्तर देणारा लेख तुम्हाला घ्यावाच लागेल, नाहीतर पेपर एकतर्फी होईल. मी सेड्रिक वॉट्सचा घ्यायला सांगेन:

```
Watts, Cedric. "'A Bloody Racist': About Achebe's View
    of Conrad." The Yearbook of English Studies,
    vol. 13, 1983, pp. 196-209.
```

शीर्षकातच अचेबेचे शब्द आहेत. म्हणून आत एकेरी अवतरण आणि बाहेर दुहेरी. टाइप करताना सुरुवातीला दुहेरी-एकेरी अशी जोडी लागून येते आणि वर्ड कधीकधी त्यातलं एक चिन्ह उलटं वळवतं, ते डोळ्यांनी तपासा. वार्षिक असल्याने खंड आणि वर्ष पुरतं, ऋतू नाही. हा लेख जेस्टोरवर वाचलात तर वरच्यासारखाच दुसरा डबा जोडा.

आता समजा तुमची झेरॉक्स १९८८ च्या पाठाची आहे. तुमच्या पेपरमध्ये अचेबे म्हणतो 'थरोगोइंग', आणि पुढच्याच परिच्छेदात वॉट्स अवतरणात 'ब्लडी' म्हणतो. जाणता वाचक इथे थबकतो. त्याला वाटतं, वॉट्सने अचेबेच्या तोंडी खोटे शब्द घातले, किंवा तुम्ही काहीतरी घोळ केला. खरं तर वॉट्सपुढे १९७७ चा पाठ होता, आणि तुमच्यापुढे नंतरचा आहे. टिपणातलं ते एक छोटं वाक्य आणि नोंदीतलं १९७७ हे वर्ष, एवढ्याने हा गुंता सुटतो. वॉट्सच्या टिपणात मग एवढंच म्हणायचं: शीर्षकातले शब्द अचेबेच्या मूळ पाठातले आहेत, सुधारित पाठात ते बदलले. त्याचा दावा असा की कादंबरी साम्राज्यवादाच्या बाजूची नसून त्याच्यावर टीका करणारी आहे आणि अचेबे तिच्यावर अन्याय करतो. तो कुठल्या जागा धरून हे म्हणतो ते लेख वाचून तुम्ही भरा. दोन टिपणं अशी एकमेकांकडे बोट दाखवणारी झाली की सूची वाचताना वादाचा धागा दिसतो, आणि पेपरचा अर्धा सांगाडा तिथेच उभा राहतो.

नोंदी आडनावाप्रमाणे लागतील: अचेबे, मग घेतलात तर कॉनरॅड, मग वॉट्स. वादाच्या क्रमाने किंवा वर्षाप्रमाणे लावायचा मोह होईल, पण मॅडमनी वेगळं सांगितल्याशिवाय तसं करू नका.

मराठी समीक्षेचं एखादं पुस्तक घेणार असाल तर लेखकाचं आणि पुस्तकाचं नाव रोमन लिपीत लिहायचं, आणि पुस्तकाच्या नावापुढे चौकोनी कंसात इंग्रजी अर्थ साध्या ठशात देता येतो. लेखकाचं नाव पुस्तकाच्या आतल्या पानावर इंग्रजीत छापलेलं असेल तर तेच स्पेलिंग ठेवा, आपलं बनवू नका.

एवढं करूनही झेरॉक्स ओळखू आली नाही, आकडे कापलेले, तो शब्द असलेलं पानच गहाळ, असं झालं तर तिच्यावर नोंद बेतू नका. ती वाचायला वापरा आणि उद्धृत करायला जेस्टोरवरचा मूळ लेख घ्या. तिथे स्वतःच्या नावाने मोफत खातं काढून महिन्याला काही लेख वाचता येतात. कॉलेजच्या ग्रंथपालांकडे एन-लिस्ट या कॉलेजांसाठीच्या ई-ग्रंथालय योजनेचं लॉगिन मिळतं, त्यातून काय उघडतं तेही विचारा. मूळ लेख उघडला की झेरॉक्सवर रेघा मारलेल्या ओळी एकेक करून तिथे शोधायच्या आणि पानांचे आकडे ७८२ ते ७९४ मधले लिहायचे. एखादी ओळ मूळ लेखात सापडलीच नाही तर ती नंतर घातलेली आहे, तेव्हा ती वगळा किंवा सुधारित पाठाचं पुस्तक मिळवा. यात एक दुपार जाते.

आणि सीनिअरची झेरॉक्स परत करण्याआधी प्रत्येक पानाच्या तळाशी पेन्सिलने लिहून ठेवा: अचेबे, कुठल्या पुस्तकातलं किंवा अंकातलं, वर्ष, पान. फक्त पहिल्या पानावर नको. पुढच्या पावसाळ्यात तेच पान आधी गळणार.